फायनल हरलो, जिंकलेल्या मैत्रिणीला काय लिहू? (मंडईतली कबड्डी, शेवटची रेड)

कोपऱ्यातली_पोट्टी

नमस्कार मंडळी. मी साकोलीकडची. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते हे झाडीपट्टीतल्यांना सांगायला नको. रात्री दंडार किंवा नाटक, आणि दिवसा कबड्डी. यंदा मुलींच्या फायनलला आमचं गाव आणि शेजारचं गाव समोरासमोर आलं. मी आमच्याकडून डाव्या कोपऱ्यात खेळते. त्यांची मुख्य रेडर म्हणजे माझी कॉलेजची मैत्रीण. एकाच बाकावर बसतो, एकाच एसटीनं येतो-जातो.

शेवटच्या रेडला आम्ही २४, ते २३. मैदानात आमच्या सहा जणी होत्या. ती आली, माझ्या बाजूला बोनसचा पाय टाकला, मी घोट्यावर गेले, बोटं लागली पण पकड बसली नाही, आणि ती मध्यरेषेपार. पंचांनी बोनसचा एक आणि टचचा एक असे दोन दिले. २५-२४. संपलं.

वाईट वाटलं, पण खरं सांगते, तिनं जे केलं ते पाहून अंगावर काटा आला. आम्ही दोघींनी कॉलेजच्या मैदानावर ही रेड किती वेळा करून पाहिली आहे, आणि दर वेळी मी तिला पकडलेलं आहे. मला तिला मस्त मेसेज लिहायचा आहे. पण आमच्या गावच्या ग्रुपवर काल रात्रीपासून "पंचानं जितवलं" चालू आहे. ते तिच्यापर्यंत गेलं असणारच, कारण ती एकदम गप्प आहे. साधं "अभिनंदन" लिहिलं तर तिला वाटेल मी पण त्यांच्यातलीच. काय लिहू?

नागभीडचा_राजा

एवढा काय विचार करून राहिली बाप्पा? कप आणि फुलांचं एखादं रेडिमेड चित्र पाठव, खाली "हार्दिक अभिनंदन, अशीच प्रगती होवो". माझ्याकडे पन्नास पडले आहेत, टाकू का इथं?

कोपऱ्यातली_पोट्टी

नको भाऊ. ते तिला सरपंचांकडून पण आलं असेल.

मास्तरीणबाई

मैत्रिणीला अभिनंदनपर पत्र लिहिताना वरती उजवीकडे पत्ता व दिनांक, मग मायना. "प्रिय मैत्रीण हिस सप्रेम नमस्कार." पहिल्या परिच्छेदात बातमी कशी कळली ते, दुसऱ्यात कौतुक, तिसऱ्यात घरच्यांना नमस्कार. पूर्वी दहावीला हेच विचारायचे, पूर्ण गुण मिळायचे.

नागभीडचा_राजा

बाई, ती परीक्षेला नाही बसली, फायनल हरली आहे 😀

शिट्टीवाले_काका

मी बरीच वर्षं गावोगावच्या सामन्यांत पंच होतो, आता गुडघ्यांमुळे बंद. पोरी, आधी मला रेड नीट सांग. मेसेजचं नंतर पाहू, कारण तुझ्या गावात भांडण बोनसचं आहे असं दिसतं. तीन गोष्टी सांग. ती कुठला पाय टाकून आली? तुझा हात लागला तेव्हा तो पाय जमिनीवर होता की हवेत? आणि मैदानावर रेघ दिसत होती का?

कोपऱ्यातली_पोट्टी

उजवा पाय टाकला. माझा हात गेला तेव्हा पाय टेकलेला होता, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. रेघ मात्र... काका, मातीचं मैदान. चुना हाफटाइमला मारला होता. माझ्या कोपऱ्यापाशी सगळ्याच रेडर पाय टाकून जात होत्या, त्यामुळे तिथं शेवटपर्यंत चुना कमी आणि फुफाटा जास्त अशी गत झाली होती. तरी दोन्ही टोकांना रेघ शाबूत होती, अंदाज येत होता.

लाखांदूर_एक्सप्रेस

मी सांगतो. मी तालुका खेळलो आहे. टच झाला की बोनस कटला. एका रेडमध्ये दोनांपैकी एकच मिळतं. म्हणजे २४-२४ व्हायला पाहिजे होतं आणि जादा वेळ खेळवायला पाहिजे होता. तुमच्या गावचे लोक बरोबर बोलून राहिले.

शिट्टीवाले_काका

अर्धं बरोबर आहे भाऊ, आणि याच अर्ध्यावरून गावागावांत डोकी फुटतात. एका रेडमध्ये बोनस आणि टच दोन्ही मिळतात, अडचण फक्त क्रमाची आहे. बोनस आधी पूर्ण झाला पाहिजे. म्हणजे समोर सहा किंवा सात जणी पाहिजेत, पुढचा पाय बोनस रेघेपलीकडे टेकला पाहिजे, आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. हे सगळं झाल्यावर तुम्ही तिला शिवलं, झटापट झाली, तरी बोनस राहतो. इतकंच काय, बोनस घेतल्यावर ती पकडली गेली असती तरी तिच्या संघाला तो एक गुण मिळालाच असता, आणि पकडीचा एक तुम्हाला. पण आधी हात लागला आणि मग पाय पलीकडे गेला, तर बोनस नाही. तालुक्याला तुम्ही पाहिलं असेल ते असं काही असेल.

आता या पोरीच्या बाबतीत सगळा प्रश्न एवढाच उरतो: आधी पाय, की आधी हात?

लाखांदूर_एक्सप्रेस

व्हिडिओ असेल ना. स्लो करून पाहा म्हणजे झालं.

कोपऱ्यातली_पोट्टी

आहे, तोच फिरून राहिला. स्टेजवरून काढलेला. पण स्टेज उजव्या बाजूला, आणि माझ्यापुढे आमची कव्हर उभी. व्हिडिओत तिची पाठ दिसते, मैनाचा (माझी मैत्रीण, घरी तिला मैनाच म्हणतात) कमरेवरचा भाग दिसतो, मी खाली झेप घेताना दिसते. पाय कोणाचाच दिसत नाही. तरी प्रत्येकाला त्यात पाहिजे ते दिसते.

शिट्टीवाले_काका

मग ऐक. त्या रेडमध्ये काय झालं हे जवळून पाहणारे दोनच जण. एक तिथला पंच, दुसरी तू. पंच बोलून मोकळा झाला, त्यानं अंगठा दाखवून बोनस दिला. राहिली तू. हजार लोकांनी अभिनंदन केलं तरी त्यातल्या एकालाही जे सांगता येणार नाही, ते तुला सांगता येतं. तुझा मेसेज त्यासाठी पाहिजे. "छान खेळलीस" तर चहाच्या टपरीवरचा माणूसही म्हणेल.

आणि घोट्यावर जाणाऱ्या कोपऱ्याला हे कळतंच. टेकलेल्या, वजन आलेल्या पायावरच आपण जातो. हवेत हलणाऱ्या पायावर गेलो तर हातात वारा येतो. तू गेलीस याचा अर्थ तुझ्या डोळ्यांनी आधी पाय टेकताना पाहिला. बरोबर का?

कोपऱ्यातली_पोट्टी

हो काका!! हेच मला सांगता येत नव्हतं. पाय टेकला, पंजा दाबला गेला, तेव्हाच मी सुटले. तोवर मी दोन वेळा तिच्या खोट्या पायावर गेलेच नाही, तिनं नुसतं दाखवलं होतं.

पटशौकीन

ताई, माझंही असंच झालं म्हणून सांगतो. कबड्डी नाही, आमचा बैलांचा शंकरपट. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं मोकळं केल्यावर आमच्याकडे पुन्हा जोरात पट भरू लागले. माझी जोडी आणि माझ्या सोयऱ्याची जोडी एकाच दाणीत सुटली. तो सेकंदाच्या थोड्याशा फरकानं पुढे. लोक म्हणे घड्याळवाल्यानं बटन उशिरा दाबलं. मी काय केलं, सोयऱ्याला फोन नाही केला, सरळ त्याच्या बैलाच्या कौतुकाचं लिहून पाठवलं. "तुया डाव्या बैलानं शेवटच्या टप्प्यात मान खाली घातली अन् ओढलं, तिथंच माया बैल मागे पडला." सोयरा रात्री दहाला पेढे घेऊन घरी आला. माणसाची तारीफ केली तर माणूस लाजतो, बैलाची केली तर छाती फुगते.

नागभीडचा_राजा

इथं बैल नाही ना भाऊ, पोट्टीच आहे.

पटशौकीन

अरे पण मुद्दा तोच! नेमकं काय पाहिलं ते लिहायचं. काऊन समजत नाही तुले?

कोपऱ्यातली_पोट्टी

बरं, लिहून पाहिलं. हे बघा:

"मैना, अभिनंदन गं. काल तू कमाल केली. मी धान कापणीमुळे दोन दिवस नीट झोपली नव्हती, हात भरून आले होते, तरी मला वाटलं होतं तुला पकडीन. पण तुझं नशीब जोरावर होतं. लोक काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नको. पंचांनी दिलं ते बरोबरच असेल. पुढच्या वेळी बघून घेते तुला 😄"

विहीरगाव_विठा

ताई, वाईट नको मानू, पण हा मेसेज आला तर मी दोन दिवस रुसले असते. पहिलं वाक्य सोडून पुढे सगळं उलटं आहे. धान कापणी तिनं नाही केली का? तिच्या घरी पण धानच आहे ना? हात भरून आले हे खरं असेल, पण आज तिच्या मेसेजमध्ये ते आलं की त्याचा अर्थ एकच होतो, "मी ताजी असते तर तू नसती जिंकली." आणि "नशीब" हा शब्द तर काढच. ज्या रेडची तिनं तुझ्यासोबत तालीम केली त्यात नशीब कुठून आलं?

लाखांदूर_एक्सप्रेस

स्वतःबद्दल काहीच लिहू नये. अभिनंदन फक्त दुसऱ्याचं असते. "मी", "माझं" असे शब्दच नको.

शिट्टीवाले_काका

हे नाही पटत. या मेसेजमध्ये "मी" पाहिजेच, कारण साक्षीदार तीच आहे. थकवा, झोप, हात ही सबब झाली, ती नको. "माझी बोटं तुझ्या घोट्याला लागली तेव्हा तुझा पाय आधीच टेकला होता" ही सबब नाही, साक्ष आहे. दोन्हींत "मी" आहे, फरक एवढाच की पहिल्यात ती स्वतःला वाचवते आणि दुसऱ्यात मैत्रिणीला.

अजून एक. "पंचांनी दिलं ते बरोबरच असेल" हे ढिलं आहे. "असेल" म्हटलं की वाचणाऱ्याला शंका ऐकू येते. तुला माहीत आहे तेवढं ठाम लिही, आणि माहीत नाही ते लिहूच नको.

कोपऱ्यातली_पोट्टी

तिथंच अडले काका. पुढचा पाय मी पाहिला. पण मागचा पाय हवेत होता का ते मला नाही माहीत. मी खाली घोट्याकडे पाहत होते, तिचा डावा पाय माझ्या नजरेतच नव्हता. मग "बोनस शंभर टक्के होता" असं कसं लिहू?

शिट्टीवाले_काका

लिहू नकोच. तू पुढच्या पायाची साक्ष दे. मागचा पाय पाहणं पंचाचं काम, आणि त्याची जागा तिथंच असते. तुझ्या गावात आरोप हाच ना, की तुझा हात आधी लागला? त्याला उत्तर तुझ्याकडे आहे. मागच्या पायाबद्दल कोणी बोललंच नाही, तर तू कशाला बोलतेस?

विहीरगाव_विठा

"लोक काय म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नको" पण काढ. तिला कदाचित अर्धंच माहीत असेल, तुझ्या मेसेजनं पूर्ण कळेल. लोकांचं नावच नको. रेडचं सांग, म्हणजे लोकांचं उत्तर त्यातच आलं.

नागभीडचा_राजा

"पुढच्या वेळी बघून घेते" ठेवा राव. मैत्रीत एवढं चालते. नुसतं गोड गोड लिहिलं तर तिला वाटेल हिनं दुसऱ्याच कोणाकडून लिहून आणलं.

विहीरगाव_विठा

मला नाही आवडलं ते. हरल्यावर लगेच "बघून घेते" म्हणजे जिंकल्याचा आनंद एक दिवस पण नाही राहू देत.

पटशौकीन

आमच्याकडे नाही म्हटलं तर सोयरा म्हणेल, याला रागच आला. गावागावावर आहे.

कोपऱ्यातली_पोट्टी

दोघांचंही पटतं. बघते काय करायचं ते. दुसरं विचारायचं होतं. हे तिला एकटीलाच पाठवू की आमच्या ग्रुपवर टाकू? ग्रुपवर टाकलं तर ती बोंब तरी बंद होईल.

विहीरगाव_विठा

आधी तिला. तिच्याआधी ग्रुपनं वाचलं तर ते तिच्यासाठी नाही, तुझ्या मोठेपणासाठी झालं. तिनं वाचल्यावर ग्रुपवर वेगळं, दोन ओळींचं टाक. तिथं भावना नको, फक्त काय झालं ते.

लाखांदूर_एक्सप्रेस

ग्रुपवर टाकाल तर तुमच्याच कॅप्टनला आधी सांगा. नाहीतर ती म्हणेल आपलीच पोट्टी आपल्या विरोधात साक्ष देऊन राहिली. माझ्यासोबत झालं आहे हे. बोलणं बंद झालं होतं टीममध्ये.

शिट्टीवाले_काका

हे मात्र शंभर टक्के बरोबर. कॅप्टनला फोन कर, मेसेज नको.

कोपऱ्यातली_पोट्टी

कॅप्टनशी बोलले. ती आधी चिडली, मग म्हणाली, "तू होती तिथं, तुला माहीत." कव्हर खेळणारी बोललीच नाही. असो.

मैनाला हे पाठवलं. आमच्या बोलीतच लिहिलं, कारण आम्ही तसंच बोलतो:

"मैने, झोपली का? झोपू नको, आधी हे वाच.

त्या रेडले तू आली तेव्हा मले वाटलं तू मधातूनच जाशीन, कारण साऱ्या मॅचमध्ये तू तशीच गेली. दोन डाव तू मले खोटा पाय दाखवला, मी हालली नाही. तिसऱ्यांदा तू खरा टाकला. तुया पंजा मातीत दाबला तो मले दिसला, मंगच मी सुटली. माये बोटं लागले तवा तुया पाय टेकून झाला होता. हे मी कोणालेही सांगीन, अन् सांगणारच आहे.

पण मले जे नाही समजलं ते दुसरंच आहे. माये बोटं तुया घोट्यावर होते अन् तू पाय सरळ मांगे नाही ओढला. आधी टाच बाहेर फिरवली, मंग ओढला. कॉलेजच्या मैदानावर तू दर वेळी सरळ ओढत होती, म्हणून माया हाती सापडत होती. हे कोणी शिकवलं तुले? कवा शिकली? मले न सांगता? चोट्टी!

आमच्या साऱ्या जणी रडल्या, मी पण रडली. पण तू कप घेऊन तुया मायकडे पळत गेली अन् तिनं पदरानं तुयं तोंड पुसलं ते पाहून लय बरं वाटलं. काकूले सांगजो, मी येऊन राहिली मंगळवारी, वडाभात खायले. टाच फिरवणं शिकवल्याशिवाय जाणार नाही."

विहीरगाव_विठा

टाचेचं वाचून मला पण तिला भेटावंसं वाटलं. 👏

शिट्टीवाले_काका

टाच बाहेर फिरवली की कोपऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूनं पकड सुटते, तिथं बोटांचा वेढा उघडा असतो. हात सोडवायला जसं अंगठ्याकडे फिरवतात तसंच. पण यासाठी तिनं पाय टाकतानाच पंजा थोडा बाहेर वळवून टाकला असणार, नाहीतर फिरवायला जागा राहत नाही. विचार तिला. आणि तुझ्यासाठी सांगतो, पुढे एक हात टाचेमागून आणि दुसरा वरून घोट्यावर अशी दोन्ही हातांची पकड कर. एका हातावर भरवसा ठेवू नको.

कोपऱ्यातली_पोट्टी

काका, पंजा बाहेर वळलेला होता!! आता आठवलं. मला वाटलं घसरली.

तिचं उत्तर आलं. आधी नुसतं "बघितलं" दिसत राहिलं, माझा जीव वर-खाली. मग एकदम व्हॉइस मेसेज, त्यात निम्मं हसणं, निम्मं रडणं. म्हणते ग्रुपवरचं तिच्या भावानं तिला वाचून दाखवलं होतं, आणि तिला वाटलं मीही तेच म्हणत असेन, म्हणून ती गप्प होती. टाच फिरवणं तिच्या मामानं शिकवलं, दसऱ्यानंतर. मला मुद्दाम नाही सांगितलं म्हणे, "तुलेच तर फसवायचं होतं." मंगळवारी वडाभात पक्का.

ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: "शेवटच्या रेडले माया हात लागायच्या आधी तिचा पाय टेकला होता. मी तिथं होती." सात-आठ जणांनी अंगठा दिला. दोन जण अजूनही व्हिडिओ पाठवून राहिले.

लाखांदूर_एक्सप्रेस

पण काका, मागचा पाय हवेत होता हे कोणीच नाही पाहिलं ना? मग बोनस नक्की कसा म्हणता?

शिट्टीवाले_काका

मी कुठं म्हटलं नक्की? पंचानं पाहिलं, पंचानं दिलं. मी तिथं नव्हतो, तुम्हीही नव्हता.

नागभीडचा_राजा

वडाभाताचा फोटो टाकजो इथं.